पाठीवरची बॅग खरी भरलेली हवी

पार्सल घरपोच करणाऱ्या पुण्यातल्या एका नव्या कंपनीला रायडरचा एक चांगला फोटो हवा होता. तो वेबसाइटवर जाणार होता आणि रायडर-भरतीच्या पोस्टरवरही. त्यांच्याकडे आधीचा एक फोटो होता, स्टुडिओत मॉडेल उभा करून काढलेला. प्रकाश छान, कपडे कडक इस्त्रीचे, चेहरा हसरा. पण भरतीसाठी येणारी मुलं तो बघून एकमेकांकडे बघत. हेल्मेट कपाळावरून मागे सरकलेलं, त्याचा पट्टा मोकळा लोंबत असलेला, पाठीवरची बॅग पोटात गेलेली आणि गाडी स्टँडवर असताना गडी दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून वेगात निघाल्यासारखा वाकलेला. हे काम रोज करणाऱ्याला त्यातला खोटेपणा कळायला एक क्षण पुरतो.

अशा फोटोच्या आधी मी एकच गोष्ट पक्की करून घेतो: हा रायडर नेमकं काय करतो आहे? ‘डिलिव्हरी करतो आहे’ हे उत्तर पुरत नाही. तो हबवर बॅग भरतो आहे, सिग्नलला थांबला आहे, सोसायटीच्या फाटकाशी पोचून पुढचा पत्ता बघतो आहे की दारात पार्सल देतो आहे, हे ठरलं की बाकीचं आपोआप ठरत जातं. चालत्या गाडीवर हेल्मेटचा पट्टा बांधलेला आणि फोन हँडलवरच्या होल्डरमध्ये असणार. दारात उभा असेल तर हेल्मेट बहुधा कोपरात अडकवलेलं असणार, कारण बऱ्याच सोसायट्यांचे वॉचमन चेहरा दिसावा म्हणून ते काढायला लावतात. हे क्षण एकमेकांत मिसळले की फोटो बिघडतो. पट्टा बांधून, पूर्ण तयारीत गाडीवर बसलेला आणि त्याच वेळी कॅमेऱ्यापुढे पार्सल धरलेला रायडर रस्त्यावर कुठेच सापडत नाही.

आम्ही फाटकाशी पोचल्याचा क्षण निवडला. जागा कोथरूडमधली एक आतली गल्ली, वेळ सकाळची आठच्या सुमाराची. मॉडेलऐवजी कंपनीचाच एक रायडर घेतला आणि शूटिंगच्या वेळात बुडणाऱ्या डिलिव्हरींचे पैसे त्याला वेगळे द्यायचे, हे आधीच ठरवलं. कामाच्या मधल्या पाच मिनिटांत फुकट उभा केलेला माणूस घड्याळाकडे बघत राहतो आणि ते चेहऱ्यावर दिसतं.

बॅग त्याने आणली ती रिकामी. ऑफिसातल्या कोणीतरी तिच्यात बबल रॅप कोंबला होता, म्हणजे कोपरे उभे राहावेत. आकार आला, पण खांद्याच्या पट्ट्या सैलच राहिल्या. रायडर म्हणाला, “सर, बॅग भरली की अशी राहत नाही. ती खाली ओढते.” मग त्याच्याकडूनच ती भरून घेतली. आत पुस्तकांचे गठ्ठे आणि खोकी मिळून आठेक किलो वजन झालं. जड खोकी तळाशी आणि पाठीला चिकटून, हलकी वर. रोजच्या फेरीतही शेवटच्या पत्त्याचं पार्सल आधी आत जातं आणि पहिल्या पत्त्याचं वर येतं, म्हणजे प्रत्येक ठिकाणी सगळी बॅग उपसावी लागत नाही.

वजन आल्यावर माणसाची ठेवणच बदलली. उभ्या माणसाच्या पाठीवर ओझं आलं की शरीर आणि ओझं यांचा एकत्रित तोल मागे सरकतो. तो पुन्हा पावलांवर आणायला माणूस कमरेतून थोडा पुढे झुकतो, मान किंचित पुढे येते, अंगठे नकळत पट्ट्यांखाली जातात. ही ठेवण सांगून आणता येत नाही. ‘जरा वाक’ म्हटलं की माणूस खांद्यातून वाकतो आणि थकलेला किंवा घाबरलेला दिसतो. खरं वजन दिलं की सांगावं लागत नाही.

गाडीवर बसल्यावर आणखी एक गोष्ट घडते. अनुभवी रायडर बॅगेचा तळ मागच्या सीटवर टेकवतो. भार सीटवर जातो, खांदे मोकळे होतात आणि पट्ट्या फक्त बॅग मागे पडू नये एवढंच काम करतात. म्हणून बसलेल्या रायडरच्या फोटोत बॅग आणि सीट यांच्यामध्ये मोठी फट दिसली तर समजावं, एकतर बॅग रिकामी आहे किंवा घालणाऱ्याला सवय नाही.

पायांचंही तसंच. आपल्याकडच्या मोटरसायकलला मागचा ब्रेक उजव्या पायाशी असतो. थांबताना उजवा पाय ब्रेकवर राहतो आणि डावा जमिनीवर टेकतो. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, त्यामुळे रायडर डाव्या कडेलाच थांबतो आणि फुटपाथ त्याच्या डाव्या हाताला येतो. मग फोटोग्राफरची जागाही ठरून जाते: फुटपाथवर, रायडरच्या डावीकडे, थोडं पुढे. तिथून चेहरा, टेकलेला पाय आणि बॅगेची डावी बाजू एका चौकटीत येतात. कॅमेरा मी त्याच्या छातीच्या उंचीवर ठेवला आणि लेन्स ८५ मिलिमीटरची. रुंद लेन्सने जवळून काढलं की हेडलाइट भोपळ्याएवढा होतो आणि माणूस त्याच्यामागे लहान पडतो.

त्या जागेवरून बघितल्यावर कंपनीच्या लोकांना एक अडचण दिसली. टी-शर्टवर छातीच्या मधोमध मोठा लोगो होता आणि त्याच्यावरूनच बॅगेचा आडवा पट्टा जात होता. पाठीवरचा लोगो तर बॅगेखाली पूर्ण झाकलेला. त्यांनी आडवा पट्टा सोडायला सांगितलं. मी नको म्हटलं. तो पट्टा दोन्ही खांद्यांचे पट्टे एकत्र धरतो. तो सोडला तर वळताना बॅग एका बाजूला घसरते आणि रायडरना हे चांगलं ठाऊक असतं. युनिफॉर्म ठरवतानाच तो बॅग घालून बघायला हवा. लोगो बाहीवर आणि बॅगेच्या तिन्ही उघड्या बाजूंवर असला की रस्त्यावरही दिसतो आणि फोटोतही. आमच्या फोटोत तो बॅगेच्या डाव्या बाजूवर नीट वाचता येतो, छातीवरचा अर्धाच दिसतो, आणि तसंच राहू दिलं.

टी-शर्ट नवा कोरा होता, पाकिटातल्या घड्यांसकट. तो आदल्या दिवशी एकदा धुऊन घ्यायला सांगितला होता. इस्त्री हलकी. पँट रायडरची स्वतःची जीन्स, पायात बंद बूट, हातात उन्हासाठीच्या बाह्या. त्या युनिफॉर्मचा भाग नाहीत, पण दिवसभर उन्हात फिरणारा त्या घालतो. ऑफिसला त्या काढून हव्या होत्या. मी ठेवल्या.

हेल्मेटच्या बाबतीत मात्र तडजोड नसते. भारतात १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय खुणेचंच विकता येतं, आयएस ४१५१ या मानकाप्रमाणे. मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम ते डोक्यावर पट्ट्याने घट्ट बांधलेलं असावं असंही सांगतं. न पाळल्यास १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. म्हणजे भरतीच्या पोस्टरवर लोंबता पट्टा दाखवणं म्हणजे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी चुकीचं शिकवणं. योग्य बसलेल्या हेल्मेटची कड भुवयांच्या एक-दोन बोटं वर, आडवी सरळ असते. चेहरा दिसावा म्हणून ते मागे ढकललं की कपाळ उघडं पडतं आणि पट्टा हनुवटीखालून सरकून गळ्याशी येतो. फोटोत हे लगेच ओळखू येतं.

मग चेहरा दिसायचा कसा? थांबलेला रायडर काच वर करतोच. काच वर, पट्टा बांधलेला, असं आम्ही ठेवलं. तरी हेल्मेटच्या कडेची सावली डोळ्यांवर पडते. त्यासाठी झाडाच्या मोकळ्या सावलीत गाडी उभी केली आणि चौकटीबाहेर, गुडघ्याच्या उंचीवर थर्माकोलची पांढरी शीट तिरकी धरली. खालून परतलेल्या त्या मऊ प्रकाशाने डोळे उघडले. काच खाली ठेवायची असती तर तिच्यात आकाश आणि समोरच्या इमारती उमटल्या असत्या. त्यासाठी पोलरायझर लावायचा मोह होतो, पण हेल्मेटची काच बहुधा साच्यात घातलेल्या पॉलिकार्बोनेटची असते. साच्यात घट्ट होताना तिच्यात ताण राहून जातो आणि पोलरायझरमधून तो इंद्रधनुषी पट्ट्यांसारखा दिसू शकतो. त्यापेक्षा रायडरला हनुवटी थोडी खाली घ्यायला सांगावं, प्रतिबिंब सरकतं.

शूटिंग सुरू झाल्यावर मी त्याला पोझ सांगणं बंद केलं. गल्लीच्या टोकाला जा, ये, थांब, होल्डरमधला पत्ता बघ, फाटकाकडे बघ. एवढंच पुन्हा पुन्हा. दोन-तीन फेऱ्यांनंतर कॅमेरा त्याच्या डोक्यातून गेला. निवडलेल्या फोटोत त्याची नजर फाटकावरच्या इमारतीच्या नावाकडे आहे. डावा हात हँडल सोडून छातीवरच्या पट्ट्याच्या क्लिपकडे निघाला आहे आणि उजव्या हाताची दोन बोटं अजून ब्रेकवर आहेत.

छपाईला देण्याआधी दोन गोष्टी बघाव्या लागल्या. बॅगेच्या वरच्या खिशातून डोकावणाऱ्या पार्सलवर खऱ्या ग्राहकाचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर असतो. आम्ही कोरं लेबल चिकटवून घेतलं होतं. गाडी रायडरची स्वतःची, म्हणून तिच्या नंबरप्लेटवरचे अंक फोटोवर काम करताना पुसट केले. प्लेट रस्त्यावर झाकायची नाही आणि फोटोतून पूर्ण काढायचीही नाही, कारण प्लेट नसलेली गाडी हा वेगळाच नियमभंग दिसतो.

हा फोटो जून उजाडेपर्यंत चालेल. पावसाळ्यात टी-शर्टवर रेनकोट येतो, बॅगेवर कव्हर येतं आणि कोरड्या रायडरचं पोस्टर हबच्या ओल्या भिंतीवर परकं वाटतं. म्हणून पावसाळ्याचा वेगळा फोटो काढायचा ठरलं आहे. त्यात एकच गोष्ट जपायची. रेनकोटवरच्या चमकत्या पट्ट्या प्रकाश ज्या दिशेने येतो तिकडेच परत फेकतात. कॅमेऱ्यावरच फ्लॅश लावला तर त्या सगळा उजेड सरळ लेन्समध्ये धाडतात. फोटोत पांढरेफटक डाग राहतात आणि माणूस अंधारात जातो. फ्लॅश कॅमेऱ्यापासून तीन-चार पावलं बाजूला, डोक्याच्या वर धरला की पट्ट्या शांत राहतात आणि चेहरा उजळतो.