नोटेची किंमत घटते तेव्हा सोनं टिकतं की बिटकॉइन?

ताई, बाजारात माल तेवढाच आणि पैसा जास्त झाला, की त्याच नोटेत कमी माल येतो. कोरोनाकाळात अमेरिकेनं असाच भरपूर पैसा सोडला. तेव्हा काही जण म्हणू लागले, "सोनं सोडा, बिटकॉइन घ्या. त्याची नाणी २ कोटी १० लाखांच्या वर कधी बनणारच नाहीत."

२०२२ मध्ये अमेरिकेत महागाई ९ टक्क्यांवर गेली, तेव्हा काय झालं ते बघा. समजा, नोव्हेंबर २०२१ मध्ये, भाव ६९,००० डॉलरच्या शिखरावर असताना, कुणी बिटकॉइनमध्ये १०,००० रुपये घातले. २०२२ संपताना भाव १६,५०० डॉलरच्या आसपास आला. हातात उरले साधारण २,७०० रुपये. सोन्यात घातलेल्या १०,००० चे मात्र ११,००० च्या आसपास झाले. सोन्याचा डॉलरमधला भाव जवळपास तेवढाच राहिला, पण रुपया घसरल्यानं आपल्याकडे ते महागलं.

असं का? नाणी मर्यादित असली तरी घेणारे कमी झाले की भाव पडतोच. व्याजदर वाढले तसे लोकांनी बिटकॉइन विकले.

पुढे डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइन एक लाख डॉलरच्या वर गेला, हेही खरं. पण २०२२ किंवा २०२३ मध्ये पेरणी किंवा दवाखाना निघाला असता, तर तोट्यातच विकावा लागला असता. सोन्यावर बँक कर्ज तरी देते.

सोन्याचाही भाव पडतो. शिवाय दागिन्याची घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी मोडताना परत मिळत नाही. म्हणून आधी विचारा, हा पैसा मला कधी लागणार?