चुकलेल्या गोळीचा हिशेब

‘गोळी घ्यायची राह्यली, आता दोन घेऊ का?’ परतवाड्याच्या वस्त्यांतून आशाताईंना विचारला जाणारा हा प्रश्न अर्धाच असतो. कोणती गोळी, हे कळल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही. सरकारी योजनेत माला-एन आणि छाया अशा दोन गर्भनिरोधक गोळ्या फुकट मिळतात. एका घरातल्या दोन जावा दोन वेगळ्या गोळ्या घेत असतील, तर एकीला मिळालेला सल्ला दुसरीला लागू पडत नाही.

आधी माला-एन पाहू. तिच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ पांढऱ्या गोळ्यांत दोन संप्रेरके असतात आणि ७ तपकिरी गोळ्या नुसत्या लोहाच्या. ही गोळी मुख्यतः अंडाशयाला झोपवून ठेवते. संप्रेरके एक-दोन दिवसांतच शरीरातून उतरतात, म्हणून ती रोज घ्यावी लागते. तपकिरी गोळ्यांच्या सात दिवसांत अंडाशय चाळवू लागते. नवे पाकीट वेळेवर सुरू झाले की पुन्हा निजते. सात दिवसांची ही सुट्टी सुरक्षित आहे, ती लांबली की धोका सुरू होतो. सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

समजा, धाकटी जाऊ लग्नाला मेळघाटात गेली आणि पाकीट घरीच राहिले. एकच पांढरी गोळी चुकली असेल, तर आठवताक्षणी ती घ्यावी आणि त्या दिवसाची गोळी नेहमीच्या वेळी घ्यावी. एका दिवशी दोन झाल्या तरी बिघडत नाही. शुक्रवार-शनिवारच्या दोन चुकल्या आणि रविवारी आठवले, तर शनिवारची लगेच घ्यावी, शुक्रवारची टाकून द्यावी आणि रविवारची तिच्या वेळी घ्यावी. पुढचे सात दिवस निरोध वापरावा, कारण अंडाशय पुन्हा निजवायला सलग सात गोळ्या लागतात. माला-एनसारख्या गोळीच्या दोन चुकल्या तरी जागतिक आरोग्य संघटना निरोधाचा आग्रह धरत नाही. तिची मर्यादा तीन गोळ्यांची आहे. अमेरिकेतली आरोग्य यंत्रणा मात्र दोनवरच थांबते. सावधपणाचा नियम पाळलेला बरा.

या दोन गोळ्या पाकिटात कुठे होत्या, हेही पाहावे लागते. तिसऱ्या आठवड्यातल्या असतील, तर उरलेल्या पांढऱ्या संपवून तपकिरी गोळ्या न घेता थेट नवे पाकीट सुरू करावे, म्हणजे सुट्टीच टळते. पहिल्या आठवड्यातली चूक सर्वांत महाग, कारण सुट्टी तिथे आधीच होऊन गेलेली असते. अशा वेळी गेल्या पाच दिवसांत संबंध आला असेल, तर तातडीच्या गोळीबद्दल लगेच विचारावे. ती जितकी लवकर घ्यावी तितकी उपयोगी; साधारण ७२ तासांच्या आत. आणि तपकिरी गोळ्या चुकल्या, तर गर्भधारणेच्या दृष्टीने काहीच बिघडत नाही.

थोरली जाऊ छाया घेते. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत शोधलेले हे सेंटक्रोमन; ‘सहेली’ नावाने ते आधीपासून दुकानांत मिळत होते. त्यात संप्रेरक नाही. ते अंडाशयाला झोपवत नाही, गर्भाशयाच्या अस्तरावर काम करते आणि शरीरात साधारण आठवडाभराने निम्मे उरते. म्हणून पहिले तीन महिने साठा भरण्यासाठी आठवड्यातून दोनदा आणि मग एकदाच गोळी घ्यायची.

थोरलीचा वार रविवार आहे आणि तिला मंगळवारी आठवले. तिने गोळी मंगळवारीच घ्यावी आणि पुढची ठरल्याप्रमाणे रविवारीच. मात्र इथे सात दिवसांचा नियम चालत नाही. पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरायचा. सात दिवसांहून जास्त उशीर झाला, तर साठा ओसरला असे धरून पुन्हा नव्याने, तीन महिने आठवड्यातून दोनदा, अशी सुरुवात करावी लागते. छायाने पाळी तशीही पुढे जाऊ शकते. पण पंधरा दिवसांहून अधिक लांबली, तर तपासणी करून घ्यावी.

अंगावर पाजणाऱ्या आईला कधी डॉक्टर एकाच संप्रेरकाची गोळी लिहून देतात. तिचा जुना प्रकार गर्भाशयमुखाचा स्राव घट्ट ठेवण्यावर विसंबतो आणि तो परिणाम दिवसभरच टिकतो. तीन तासांचा उशीर झाला, तरी ती गोळी चुकली असे धरून लगेच घ्यावी आणि दोन दिवस निरोध वापरावा. डेसोजेस्ट्रेलची नवी गोळी अंडे सुटणेही थांबवते, म्हणून तिला बारा तासांची सवलत मिळते.

तीन तास, दोन दिवस, सात दिवस: ‘उशीर’ या शब्दाचा अर्थ गोळीगणिक असा बदलतो. म्हणून विचारायला जाताना रिकामे असले तरी पाकीट सोबत न्यावे, आणि शेवटची गोळी कोणत्या वारी घेतली ते आठवून जावे.