चिखलावरचा आळ

श्रावणात माळावर एखादी मेंढी पुढचे दोन्ही गुडघे टेकून चरताना दिसली, तर ती आळसावली आहे असे समजू नये. पुढच्या खुरांवर भार टाकणे तिला सोसत नाही, म्हणून तिने गुडघ्यांचे पाय केले आहेत. अशी एक मेंढी दिसली की आठवड्याभरात आणखी चार-पाच लंगडायला लागतात आणि मेंढपाळ म्हणतो, यंदा पाऊस फार झाला, चिखलाने खूर सडले.

चिखलाचा दोष आहे, पण निम्माच. सतत ओल्यात राहून दोन नख्यांमधल्या बेचकीतली कातडी मऊ पडते, काळ्या मातीचा गोळा तिथे अडकून ती सोलवटते. शेणात आणि मातीत नेहमी असणारे जंतू तिथे शिरतात, बेचकी लाल होते, झोंबते, केस झडतात. एवढ्यावरच थांबले तर पाय कोरडे पडताच मेंढी बरी होते. खूर खरोखर सडवतो तो दुसराच जंतू. ऑस्ट्रेलियात बेव्हरिज या शास्त्रज्ञाने १९४१ मध्ये तो दाखवून दिला. आज त्याला डायकेलोबॅक्टर नोडोसस म्हणतात. खुराचे कवच विरघळवणारा स्राव तो सोडतो, त्यामुळे टाचेच्या आतल्या बाजूने कवच सुटायला लागते आणि तिथून तळव्याखाली, मग बाहेरच्या भिंतीपर्यंत पोकळी वाढत जाते. आत राखाडी, चिकट थर असतो आणि त्याला कुजकी घाण येते.

या जंतूची एक गोष्ट ध्यानात ठेवली की बाकी सगळे उपचार आपोआप समजतात. त्याला प्राणवायू चालत नाही. ओल्या जमिनीतही तो साधारण आठवडा-दोन आठवडेच तग धरतो, पण मेंढीच्या खुरातल्या बंद पोकळीत महिनोन् महिने राहतो. म्हणजे पुढच्या पावसाळ्यातला रोग मातीतून उगवत नाही. तो उन्हाळाभर कुणाच्या तरी पायात दडून बसलेला असतो.

लंगडी मेंढी धरली की तिला पुठ्ठ्यावर बसवून पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवावी आणि चारही पाय पाहावेत. एकाच नखीला गरम सूज आणि आत पू असेल तर बहुधा बाभळीचा काटा किंवा गळू असते. एका दिवसात अनेक जनावरे लंगडू लागली, तोंडात फोड आले, लाळ गळू लागली, ताप असला, शेजारच्या गाई-म्हशींचेही तेच झाले, तर ती लाळ्या-खुरकूत समजावी आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. खूर सडण्यात तोंड स्वच्छ असते, खुराचे कवच टाचेकडून सुटलेले असते आणि वास येतो.

आता कापण्याबद्दल. जुनी रीत अशी की सुटलेले सगळे कवच कापून काढायचे, रक्त आले तरी चालेल, हवा लागली की जंतू मरतो. तर्क बिनतोड वाटतो, म्हणूनच ही रीत इतकी वर्षे टिकली. पण इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी मेंढ्यांचे गट पाडून ते तपासले आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. दीर्घकाळ टिकणारे ऑक्सिटेट्रासायक्लिनचे इंजेक्शन दिलेल्या मेंढ्या लवकर बऱ्या झाल्या, आणि आजारी पाय कापलेल्या मेंढ्यांना बरे व्हायला जास्त वेळ लागला. कापताना जिवंत भागाला इजा होते. पुढे खुराच्या टोकाला मांसाचा तांबडा गोळा उगवतो आणि मेंढी कायमची लंगडी होते. शिवाय तीच कात्री पुढच्या पायाला लागते आणि जंतू हातोहात पसरतो. म्हणून पाय आजारी असताना हात आवरावा. लोंबणारा, मेलेला तुकडा तेवढा कापावा, रक्ताचा थेंब दिसण्याआधी थांबावे, प्रत्येक जनावरानंतर कात्री जंतुनाशकात बुडवावी आणि कापलेले तुकडे जाळावेत. वाढलेल्या खुराला आकार द्यायचा तो पाय बरा झाल्यावर.

समजा, फलटणकडच्या एका वाड्यावर साठ मेंढ्या आहेत आणि ऑगस्टमध्ये नऊ लंगडतात. पहिल्या दिवशी साठांचेही पाय पाहायचे. न लंगडणाऱ्या आणखी पाचांची बेचकी लाल सापडली, तर आजारी झाल्या चौदा. त्यांची वाघर वेगळी लावायची. त्यातल्या सहांचे कवच सुटलेले असेल, तर पशुवैद्याकडून त्यांना इंजेक्शन द्यायचे. नेहमीच्या २०० मिलिग्रॅम ताकदीच्या औषधाचा हिशेब दहा किलो वजनाला एक मिली, म्हणजे तीस किलोच्या मेंढीला तीन मिली. औषधाचा अंश उतरेपर्यंत तिचे दूध वापरायचे नाही आणि तिला कत्तलीला विकायचे नाही. किती दिवस, ते डॉक्टरांना विचारून लिहून ठेवावे.

मग पाय बुडवायचे. अडीच मीटर लांब, अर्धा मीटर रुंद पत्र्याच्या तळात आठ सेंटिमीटर पाणी भरले की बरोबर शंभर लिटर होते, आणि त्यात दहा किलो झिंक सल्फेट विरघळवायचे. कृषी सेवा केंद्रात खत म्हणून मिळते तेच, पिशवीवर २१ टक्के जस्त लिहिलेले. चिलेटेड झिंक घेऊ नये. थोडी कपडे धुण्याची पावडर टाकली की द्रावण खुराच्या फटीत चांगले शिरते. आधी साध्या पाण्यातून नेऊन चिखल धुवावा, नाहीतर पहिल्या दहा मेंढ्यांतच द्रावणाचे शेणकाले होते. मेंढ्यांना आधी पोटभर पाणी पाजावे, म्हणजे त्या तळ्याला तोंड लावत नाहीत. आधी निरोगी, शेवटी आजारी. झिंकमध्ये आजारी मेंढी पंधरा मिनिटे उभी राहिली पाहिजे. नुसती पळत गेली तर फक्त खूर ओले होतात. इतक्या जागेत एका वेळी चारच मावतात, म्हणून चौदांनाच तासभर लागतो. इथेच माणूस कंटाळतो आणि उपचार फसतो. बाहेर आल्यावर तासभर कोरड्या मुरमावर किंवा फरशीवर उभे करावे आणि आठवड्याने पुन्हा बुडवावे. उरलेले द्रावण ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

फॉर्मॅलिन चालतया पायानेही काम करते, पण शंभर लिटरला तीन लिटरच्या पुढे फारसे जाऊ नये आणि पाच लिटर कधीच ओलांडू नये. उघड्या जखमेला ते भाजते, वाफ माणसाच्या डोळ्यांत आणि छातीत जाते. मोरचूदाचा मोह मात्र टाळावा. तांबे मेंढीच्या यकृतात साठत जाते आणि चार घोट पोटात गेले तरी जिवावर बेतू शकते.

दहाव्या दिवशी पुन्हा पाय पाहायचे. बहुतेक मेंढ्या सरळ चालत असतील. ज्या एक-दोघी दुसऱ्या उपचारानंतरही लंगडतात, त्यांच्या खुरात द्रावण पोहोचत नाही अशी पोकळी असते. त्या कळपात ठेवू नयेत. कत्तलीलाच विकाव्यात, दुसऱ्या मेंढपाळाला पाळायला देऊ नयेत. लोणंदच्या बाजारातून आणलेली मेंढीही, पाय स्वच्छ दिसले तरी, चार आठवडे वेगळी बांधावी.

आपल्याकडच्या उन्हाळ्याने एक सोय करून ठेवली आहे. मार्च ते मे जमीन इतकी कोरडी असते की रोग एकीकडून दुसरीकडे जात नाही, त्यामुळे खुरात दडलेला जंतू शोधायला हेच दिवस बरे. स्वित्झर्लंडने ऑक्टोबर २०२४ मध्ये देशभर सुरू केलेल्या मोहिमेतही थंडीच्या महिन्यांत कळपांचे पाय तपासले जातात. आपल्या वाड्यावर त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मे महिन्यात एका सकाळी साठ मेंढ्यांचे दोनशेचाळीस पाय उलटून पाहायचे, वाकडे वाढलेले खूर बेतात कापायचे आणि जिथे कवचाखाली पोकळी किंवा वास सापडेल ती मेंढी वळवाच्या आधी वेगळी काढायची.