सायकल दुकानाचा ब्रँड ब्रीफ: ‘साडेसहा’ हे नाव कुठून आलं?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. ब्रँड ब्रीफ, ब्रँड ब्रीफ म्हणतोस, पण तो दिसतो कसा ते दाखव ना. तर आज एक काल्पनिक दुकान घेऊ. पुण्यात बाणेर रोडवर, ऑफिसांच्या गर्दीत, सायकल दुरुस्तीचं दुकान. गिऱ्हाईक कोण? रोज सायकलवर ऑफिसला जाणारी माणसं. रविवारी पहाटे सिंहगडाकडे पन्नास किलोमीटर मारणारे नाहीत हं. ते वेगळे, त्यांचे लाडही वेगळे.

ब्रीफ म्हणजे काय, तर नाव, लोगो, पाटी, इन्स्टा हे सगळं करणाऱ्या माणसाला आधी द्यायचं एक पान. दुकान कुणासाठी, त्यांची अडचण काय, आपण वचन काय देतो आणि ते खरं कशावरून. बस. रंग निळा की हिरवा हे त्यात नसतं.

मी पहिला खर्डा लिहिला तेव्हा वचनाच्या जागी आलं होतं, ‘सायकलप्रेमींसाठी विश्वासार्ह आणि दर्जेदार सेवा.’ वाचायला छान. आता एक साधी परीक्षा करा. हेच वाक्य समोरच्या दुकानाच्या पाटीवर लावलं तर खोटं ठरेल का? नाही ठरणार. वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या पाटीवरही चालेल. म्हणजे वाक्य कामाचं नाही. डिझायनरला त्यातून काहीच मिळत नाही, मग तो गुगलवरून चाकाचं चित्र उचलतो आणि वर पाना लावून देतो.

मग मी गिऱ्हाइकाचा दिवस लिहून काढला. सकाळी साडेआठला कोथरूडहून निघाला. मागचा ब्रेक किरकिरतोय, गियर तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना चेन अडकतेय. सायकल चालतेय, पण तक्रार आहे. घराजवळचं दुकान तो निघतो तेव्हा उघडलेलं नसतं आणि तो परततो तेव्हा कारागीर हात धूत असतो. उद्या या, म्हणतो. उद्या सायकल ठेवली तर ऑफिसला कसं जायचं? रिक्षाने. परवा मिळाली नाही तर पुन्हा रिक्षा. मग तो काय करतो? किरकिरता ब्रेक तसाच वापरतो आणि दोन महिन्यांनी सायकल जिन्याखाली जाते.

म्हणजे त्याची भीती बिलाची नाही, सायकल अडकून पडण्याची आहे. आणि सायकल नऊ तास रिकामी कुठे असते? ऑफिसच्या पार्किंगमध्ये! म्हणून दुकान घराजवळ नको, ऑफिसजवळ हवं. वचन असं झालं: सकाळी साडेनऊपर्यंत द्या, संध्याकाळी साडेसहाला चालवत घरी जा. नाव त्यातूनच निघालं, ‘साडेसहा’. पाटीवर घड्याळ आलं, पाना गेला.

इथे बरेच जण थांबतात, आणि इथेच घोळ होतो. वचन लिहिलं, पण ते पाळता येतं का हे मोजलंच नाही. चला, मोजू. दोन कारागीर आहेत असं धरू. जेवण, फोन, सायकल घेणं-देणं आणि प्रत्येक सायकलवर एक छोटी चक्कर मारून बघणं हे वजा केलं, तर प्रत्येकाच्या हातात साडेसहा तास खरे कामाचे उरतात. दोघांचे मिळून १३ तास. पूर्ण सर्व्हिसला दीड तास धरू, आणि ब्रेक लावणं, गियर लावणं, पंक्चर अशा किरकोळ कामाला अर्धा तास. पाच सर्व्हिस म्हणजे साडेसात तास. आठ किरकोळ कामं म्हणजे चार तास. झाले साडेअकरा. उरलेला दीड तास मुद्दाम मोकळा ठेवायचा, कारण किरकोळ म्हणून आलेली एखादी सायकल हमखास दगा देते. म्हणजे दिवसाला १३ सायकली. चौदावीला ‘उद्या’ सांगायचं, तेही सकाळीच, संध्याकाळी नाही. हा आकडा ब्रीफमध्ये लिहायचा. नाहीतर जाहिरात करणारा उत्साहात ‘कितीही आणा’ लिहून मोकळा होतो.

दुसरी अट सुट्या भागांची. ट्यूब २६ इंची, २७.५ इंची आणि ७०० सी या तिन्ही मापांत हवी. ब्रेक शू, डिस्कचे पॅड, ब्रेक आणि गियरच्या केबल, नेहमीच्या चेन, एवढं फडताळात असेल तर रोजची बहुतेक कामं त्याच दिवशी होतात. पण मागचा गियर ज्या छोट्या पट्टीवर बसतो ना, तो हँगर, तो जवळजवळ प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. सायकल उजव्या कुशीवर पडली की तो वाकतो. वाकलेला बऱ्याचदा सरळ करता येतो, पण तुटला तर मागवावाच लागतो, संध्याकाळपर्यंत येत नाही. म्हणून ब्रीफमध्ये एक ओळ स्पष्ट हवी: ‘साडेसहा’चं वचन ठरलेल्या कामांनाच आहे. हँगर तुटला, फ्रेमला तडा गेला, तर लगेच फोन करून खरी तारीख सांगायची.

आता पुरावा. वचन खरं कशावरून? इथे मला दोन गोष्टी फार आवडल्या. पहिली चेनची. नवीन तेल घातलेल्या सायकलवर ऑफिसला गेलात तर पँटच्या उजव्या पायाला काळा पट्टा येतो, माहितीये ना? तेलाची गरज चेनच्या आतल्या रोलरांना असते. बाहेरून जे चकाकतं ते धूळ ओढतं आणि कापडाला लागतं. तेल घालून चार-पाच मिनिटं मुरू द्यायचं आणि मग चेन कोरड्या फडक्यात धरून पेडल उलटं फिरवत बाहेरचं पुसून काढायचं. दोन मिनिटांचं काम. पण शर्ट इन करून जाणाऱ्या माणसासाठी हाच ब्रँड आहे. लोगोपेक्षा जास्त.

दुसरी गोष्ट, मेसेज. पाच वाजता व्हॉट्सअ‍ॅप जातो. आधी मी लिहिलं होतं, ‘डिअर कस्टमर, युवर बायसिकल इज रेडी.’ माझ्या ताईने वाचलं आणि म्हणाली, “अरे, बँकेचा मेसेज वाटतोय, मी उघडणारच नाही.” मग बदललं: ‘तुमची सायकल तयार आहे. मागचे ब्रेक शू बदलले. चेन मोजली, अजून चालेल, बदललेली नाही.’ शेवटचं वाक्य बघा. काय केलं हे सगळेच सांगतात. काय *केलं नाही* हे सांगितलं की बिलावर विश्वास बसतो. आणि हे नुसतं बोलणं नाही, चेन ताणली गेली का ते मोजायचं एक छोटं गेज मिळतं. त्याचा फोटो मेसेजसोबत टाकायचा.

भाषेचा सूर यातूनच ठरला: छोटी वाक्यं, मराठी, ‘तुम्ही’. ‘पॅशन’, ‘राइड युवर ड्रीम’ वगैरे बंद.

एक गोष्ट मी विसरलो होतो, पाऊस. जूनमध्ये बरेच जण सायकल ठेवून देतात. जे चालवतात त्यांचे ब्रेक शू चिखलपाण्यामुळे पटापट झिजतात आणि चेन दोन दिवस ओली राहिली तरी तांबारते. म्हणजे सायकली कमी येणार, पण येतील त्यांना वेळ जास्त लागणार. धुण्यातच वीस मिनिटं जातात. म्हणून ब्रीफच्या खाली मी हाताने लिहिलं: जून ते सप्टेंबर, दिवसाला १३ नाही, १०.