‘थ्री-वे मॅचिंग’ आणि १६० किलो भंगार

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले एमआयडीसीतल्या फौंड्रीत खरेदीचं सॉफ्टवेअर खपवायचं, तर माहितीपत्रक परचेस मॅनेजरला कळलं पाहिजे. त्यावर मात्र असतं, ‘रिअल-टाइम थ्री-वे मॅचिंग सोल्युशन’.

गैरसमज : जड शब्दांमुळे माल दमदार वाटतो.

समजा, १० टन भंगाराची ऑर्डर ३६ रुपये किलोने दिली. भरलेल्या आणि रिकाम्या ट्रकच्या वजनातला फरक निघाला ९,८४० किलो, पण बिल आलं पूर्ण १०,००० किलोचं. १६० किलोचे ५,७६० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ६,७९६ रुपये ८० पैसे जादा. ‘थ्री-वे मॅचिंग’ म्हणजे ऑर्डर, आवक आणि बिल यांची ही ताडणी, एवढंच. मग सरळ लिहावं : ‘ऑर्डर, काट्यावरचं वजन आणि बिल जुळलं नाही, तर बिल पेमेंटआधी थांबतं.’

असं लिहिलं की वाचणारा लगेच विचारतो, काट्यावरचा आकडा आपोआप येतो की स्टोअरवाला हाताने भरतो? हाताने भरत असेल, तर दुपारी उतरलेल्या गाडीची नोंद संध्याकाळी होणार आणि ‘रिअल-टाइम’ तिथेच संपतं. माझ्या मते पुष्कळदा जड शब्द अशा फटी झाकायलाच वापरतात. तेव्हा आकडा कोण भरतो, हेही पत्रकात यावं. ‘टॉलरन्स कॉन्फिगरेशन’ऐवजी ‘किती किलोपर्यंतचा फरक सोडून द्यायचा, ते तुम्ही ठरवा’ म्हटलं की पुरतं. भंगार गंजकं निघालं, तर ही ताडणी ते पकडत नाही. तेही सांगून टाकावं, नाहीतर पहिल्याच खराब गाडीला भांडण ठरलेलं.

गैरसमज : परचेसवाल्याला तांत्रिक काही कळत नाही.

एसजी आयर्नला कमी मँगनीजचं सीआरसीए भंगार का लागतं, हे तो सॉफ्टवेअरवाल्याला शिकवेल. बेंटोनाइट, पिग आयर्न, फेरोसिलिकॉन हे त्याच्यासाठी रोजचे शब्द आहेत, ते समजावत बसलात तर उलट तो वैतागेल. अडतो तो ‘एपीआय’, ‘वर्कफ्लो’, ‘मॉड्यूल’ला.

गैरसमज : सोपं करायचं म्हणजे शुद्ध मराठी करायचं.

‘पीओ’ला ‘क्रयादेश’ केलंत, तर नवीच अडचण. पीओ, जीआरएन, चलन, डेबिट नोट हे शब्द तसेच ठेवावेत, कारण फाइलवर आणि फोनवर तेच चालतात.

पत्रक छापण्याआधी ते एखाद्या परचेसवाल्याला वाचायला द्यावं. ‘कळलं का?’ असं विचारू नये, भिडेपोटी माणूस हो म्हणतो. त्यापेक्षा वरचाच ट्रक पुढे ठेवून विचारावं : १६० किलो कमी आलं, आता बिल कुठे अडकेल, सोडेल कोण आणि डेबिट नोट कोण काढेल? ज्या प्रश्नावर तो थबकेल, तेवढा भाग पुन्हा लिहावा.