रंग दिलेलं लोखंड मेटॅलिक असतं का?
मटेरियलची लेखमाला : लेखांक ५

मागच्या आठवड्यात आपण पाहिलं की पृष्ठभागावर पडलेल्या प्रकाशाचे दोन वाटे होतात. एक वरच्यावर परावर्तित होतो, दुसरा आत शिरतो, वस्तूचा रंग घेतो आणि सगळीकडे पसरत बाहेर येतो. आज हे कामाला लावू. समोर एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे असं धरा. हिरवा ऑइलपेंट, कोपऱ्यांवर रंग उडून उघडा पडलेला पत्रा, तळाच्या कडेला गंज आणि पुढे पितळी कडी-कोयंडा. या ट्रंकेचं मटेरियल मेटॅलिक-रफनेस पद्धतीने बनवायचं आहे. म्हणजे बेस कलर, मेटॅलिक आणि रफनेस असे तीन मॅप लागणार.

पहिला प्रश्न मेटॅलिक मॅपचा. यात पांढरं म्हणजे धातू, काळं म्हणजे अधातू. मग ट्रंकेचा किती भाग पांढरा रंगवायचा? नवखे कलाकार हमखास सगळीच्या सगळी ट्रंक पांढरी करतात, कारण ट्रंक लोखंडी आहे. प्रत्यक्षात पांढरा भाग अगदी थोडा असतो: उडालेल्या रंगाखालचा पत्रा आणि कडी-कोयंडा, बस्स. वस्तू कशाची बनली आहे हे या मॅपला सांगायचंच नसतं. त्या पिक्सेलपाशी प्रकाशाची पहिली गाठ कशाशी पडते, एवढंच सांगायचं असतं. हिरव्या भागात ती ऑइलपेंटशी पडते. खाली लोखंड आहे की लाकूड, याची प्रकाशाला खबरही नसते.

शेडरच्या आत काय घडतं ते दोन ओळींत मावतं:

```
diffuse = baseColor * (1 - metallic)
F0      = mix(0.04, baseColor, metallic)
```

`F0` म्हणजे पृष्ठभागाकडे अगदी समोरून पाहताना त्यावरून थेट परत येणाऱ्या प्रकाशाचा हिस्सा. रंग, प्लास्टिक, लाकूड अशा बहुतेक अधातूंसाठी तो ४ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून `0.04` हा आकडा शेडरमध्ये आधीच बसवलेला आहे. मेटॅलिक ० असेल तेव्हा बेस कलर हा पसरणाऱ्या प्रकाशाचा रंग असतो. मेटॅलिक १ झालं की पसरणारा प्रकाश शून्यावर येतो आणि तोच बेस कलर परावर्तनाचा रंग बनतो. म्हणजे एकाच मॅपला दोन वेगळे अर्थ आहेत आणि कुठे कोणता अर्थ घ्यायचा ते मेटॅलिक मॅप ठरवतो. ही मांडणी रूढ झाली ती डिस्नीच्या ब्रेंट बर्ली यांनी २०१२च्या सिग्राफमध्ये मांडलेल्या शेडरमुळे. ‘रेक-इट राल्फ’ या चित्रपटात केस सोडून जवळपास सगळ्या मटेरियलसाठी तो वापरला होता. मोजकेच, कलाकाराला समजतील असे आणि सहसा ० ते १ मध्ये बसणारे आकडे असावेत, हा त्यामागचा आग्रह होता. भौतिकशास्त्राशी काटेकोर इमान राखण्यापेक्षा कलाकाराची सोय त्यात वरचढ होती. पुढे चुका होतात त्यातल्या बऱ्याच या सोयीच्याच पोटी जन्मतात.

गंजाचंच घ्या. गंज हे लोहाचं ऑक्साइड आहे, धातू नव्हे. त्याचं मेटॅलिक ०. गंजाला तपकिरी-नारिंगी बेस कलर देऊन मेटॅलिक १ ठेवलं, तर वरच्या सूत्राप्रमाणे तो रंग परावर्तनाचा होतो आणि तळाची कड जुन्या तांब्याच्या भांड्यासारखी झळकू लागते. रेंडरमधला गंज तांबूस चमकत असेल तर दुसरं कारण शोधत बसू नका. धुळीचं आणि मातीचंही तसंच, मेटॅलिक ०.

उघड्या पत्र्याच्या बाबतीत चूक उलट्या बाजूने होते. लोखंड डोळ्यांना गडद दिसतं म्हणून बेस कलरमध्ये गडद राखाडी भरला जातो. पण लोखंड समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ५६ टक्के परत पाठवतं. `sRGB` चित्रात हा आकडा २५५ पैकी १९७च्या आसपास येतो, म्हणजे टेक्स्चर नुसतं उघडून पाहिलं तर तो फिकट राखाडी वाटतो. लोखंड काळपट दिसतं ते बहुतेक वेळा त्यात अंधारी खोली दिसत असते म्हणून. ते काम सीनमधल्या प्रकाशाचं आहे, टेक्स्चरचं नाही. तुम्ही ८० भरलेत तर परावर्तन जेमतेम ८ टक्क्यांवर येतं. धातू म्हणावा तर फार थोडं, ऑइलपेंट म्हणावा तर दुप्पट. पत्रा काळ्या काचेसारखा दिसू लागतो आणि मग कलाकार दिवे वाढवत सुटतो. पितळाचं पिवळेपण मात्र बेस कलरमध्येच यायला हवं, कारण रंगीत परावर्तन हे त्या धातूचंच लक्षण आहे.

आता जरा बारकाईने पाहण्यासारखी जागा: जिथे हिरवा रंग संपतो आणि पत्रा सुरू होतो ती कड. पुष्कळदा तिथे एक फिकट, पिठूळ रेघ दिसते. मॅप तपासले तर प्रत्येक बरोबर असतो आणि तरीही रेघ जात नाही. कारण असं, की टेक्स्चर वाचताना शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घेतली जाते आणि ती प्रत्येक मॅपची वेगवेगळी घेतली जाते. फक्त हिरव्या चॅनेलचा हिशेब करू. रंगाचा बेस कलर ०.१०, मेटॅलिक ०. पत्र्याचा बेस कलर ०.५७, मेटॅलिक १. अगदी कडेवर निम्मा रंग, निम्मा पत्रा आहे. तिथे खरं उत्तर काय यायला हवं? पत्र्याचा पसरणारा प्रकाश शून्य, रंगाचा ०.१०, म्हणजे सरासरी ०.०५. पण शेडरच्या हाती येतात बेस कलरची सरासरी ०.३३५ आणि मेटॅलिकची ०.५. दोन्हींचा गुणाकार ०.१६८. पसरणारा प्रकाश हवा त्याच्या तिपटीहून जास्त झाला, आणि परावर्तन ०.३०५ हवं होतं ते ०.१८८वर घसरलं. पत्र्याचा उजळ आकडा क्षणभर रंगाचा आकडा म्हणून वाचला गेला. तीच ती पिठूळ रेघ.

ही उणीव पद्धतीतच आहे, त्यामुळे ती मुळासकट जात नाही, फक्त बारीक करता येते. मेटॅलिक मॅपमधल्या कडा धारदार ठेवा, ‘छान दिसतं’ म्हणून त्यांना ब्लर देऊ नका. कॅमेऱ्याजवळच्या भागाला टेक्स्चरचं रिझोल्यूशन पुरेसं द्या, म्हणजे रेघ पडद्यावरच्या एका पिक्सेलहून पातळ राहते. मेटॅलिक मॅपमध्ये करड्याला जागा आहे ती अशा कडांवर, किंवा धुळीचा इतका विरळ थर असेल की एका पिक्सेलमध्ये धूळ आणि धातू दोन्ही येतात, तिथे. कोयंड्याच्या सबंध पृष्ठभागावर ०.५ दिसला तर तो आकडा कुठल्याच पदार्थाचा नसतो.

रफनेसबद्दल माझं मत असं, की ट्रंक जुनी आहे हे बेस कलरपेक्षा तोच जास्त सांगतो. झाकणावर वर्षानुवर्षं हात फिरलेला भाग गुळगुळीत आणि कोपरे खरखरीत, असा फरक प्रकाश सरकला की लगेच कळतो. पण हा मॅप एका न दिसणाऱ्या कारणाने बिघडतो, ते म्हणजे कलर स्पेस. बेस कलर हे डोळ्यांसाठीचं चित्र आहे, म्हणून ते `sRGB` म्हणून वाचायचं. मेटॅलिक आणि रफनेस हे निव्वळ आकडे आहेत. ब्लेंडरमध्ये त्यांच्या इमेज टेक्स्चर नोडवर `Color Space` हे `Non-Color` करावं लागतं. विसरलात तर रफनेसचा १२८ हा आकडा ०.५ म्हणून न वाचता ०.२२ म्हणून वाचला जातो. त्यात बहुतेक शेडर आत रफनेसचा वर्ग करतात, म्हणजे ०.२५ च्या जागी ०.०५ येतो. हिरवा ऑइलपेंट ओला वाटू लागतो, जणू नुकतंच कोणी ट्रंकेवर पाणी ओतलंय.

ही चूक इतकी टिकून का राहते? या रूपांतरात ० चं ० च राहतं आणि १ चं १ च. मेटॅलिक मॅप बहुतांशी काळा-पांढराच असतो, त्यामुळे चुकीच्या सेटिंगमध्येही तो ठीक दिसतो आणि कलाकार समजतो की सगळं जागेवर आहे. मार बसतो तो मधल्या करड्यांना, आणि रफनेस मॅप तर मधल्या करड्यांचाच असतो. मग प्रत्येक मॅपमध्ये हाताने रफनेस वाढवला जातो. फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेली, तिथे ती नीट वाचली गेली, की तीच ट्रंक खडूसारखी कोरडी दिसते.

सॉफ्टवेअर बदलताना चॅनेलची अदलाबदलही होते. ग्लटीएफमध्ये रफनेस हिरव्या चॅनेलमध्ये असतो आणि मेटॅलिक निळ्यामध्ये. युनिटीच्या नेहमीच्या शेडरला मेटॅलिक लाल चॅनेलमध्ये हवं असतं आणि अल्फामध्ये रफनेसच्या उलट, म्हणजे स्मूदनेस. उलटा करायचा राहिला तर गंज आरशासारखा आणि झिजलेलं झाकण मातीसारखं दिसतं. ही चूक निदान पहिल्या रेंडरमध्येच पकडली जाते.

रफनेसची कलर स्पेस तपासायला ब्लेंडरमध्ये तो मॅप तात्पुरता थेट `Emission` ला जोडा आणि `View Transform` हे `Standard` ठेवा. ब्लेंडरच्या नव्या आवृत्त्यांत ते मुळात `AgX` असतं, आणि त्यात आकडे बदलून दिसतात. आता मॅप इमेज एडिटरमध्ये दिसतो त्यापेक्षा पडद्यावर फिकट दिसायला हवा. १२८ चा करडा साधारण १८८ दिसेल. मूळ चित्रासारखा हुबेहूब दिसला तर तो `sRGB` म्हणूनच वाचला जातोय. शेवटी सगळं पुन्हा जोडून सीनमधलं एचडीआरआय हळूहळू फिरवा. ट्रंकेवरच्या सगळ्या चकाकीने त्याबरोबर सरकायला हवं. एखादा पांढरा ठिपका जागच्या जागी बसून राहिला, तर तो फोटोतून बेस कलरमध्ये शिरलेला प्रकाश आहे. तो पुसायला बेस कलरचीच फाइल उघडावी लागेल, रफनेस कमी-जास्त करून तो हलणार नाही.