पाठांतराचे मार्क, नव्या पेपरचे मार्क

‘आमचं मॉडेल ९८ टक्के अचूक आहे,’ असं सादरीकरणात सांगितलं गेलं की व्यवस्थापकाने आधी एकच प्रश्न विचारावा : हे ९८ टक्के कोणत्या माहितीवर मिळाले? मॉडेल ज्या माहितीवरून शिकलं तिच्यावरच, की त्याने कधीही न पाहिलेल्या माहितीवर?

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते दहावीच्या वर्गात पटकन कळतं. एक मुलगा प्रश्नसंचातली सगळी गणितं उत्तरांसकट पाठ करतो. टाकी दोन नळांनी किती तासांत भरेल? सहा तासांत. त्याच संचातून पेपर काढला तर त्याला पैकीच्या पैकी मार्क मिळतील. नळांचा वेग बदलला, की त्याचा हात थांबतो. उत्तर त्याच्या लक्षात राहिलं, रीत त्याला कळलीच नाही.

मॉडेलचंही असंच होतं. कोणतं कर्ज थकेल याचा अंदाज करायला त्याला जुनी कर्जप्रकरणं दिली, की ते आपले आतले आकडे चूक कमी होईल अशा बेताने पुन्हा पुन्हा जुळवत जातं. असे आकडे भरपूर आणि उदाहरणं मोजकी असली, तर खऱ्या कारणांबरोबर योगायोगही त्यात बसतात. मंगळवारी अर्ज केलेल्या तिघांची कर्जं थकली, तर ‘मंगळवार धोक्याचा’ हाही नियम होऊन बसतो. जुन्या प्रकरणांत तो अचूक ठरतो, नव्या अर्जदाराच्या बाबतीत फसतो. यालाच ओव्हरफिटिंग म्हणतात.

ते पकडायचा उपाय शाळेलाही ठाऊक आहे : पूर्वपरीक्षा, आणि तीही प्रश्नसंचाबाहेरच्या गणितांची. समजा, १०,००० जुनी प्रकरणं आहेत. त्यातली ७,००० शिकण्यासाठी द्यायची आणि १,५०० सुरुवातीलाच बाजूला काढायची. शिकणं चालू असताना मधूनमधून या १,५०० वर परीक्षा घ्यायची, हे व्हॅलिडेशन. सुरुवातीला दोन्हीकडच्या चुका कमी होतात. पुढे एक टप्पा असा येतो, की शिकण्याच्या प्रकरणांवरच्या चुका घटतच राहतात आणि बाजूला काढलेल्यांवरच्या वाढू लागतात. पाठांतर सुरू झाल्याची ही खूण. शिकवणं तिथे थांबवायचं किंवा मॉडेल आणखी साधं करायचं.

उरलेली १,५०० प्रकरणं म्हणजे बोर्डाचा सीलबंद पेपर. पूर्वपरीक्षेचे मार्क पाहून मॉडेलमध्ये वारंवार फेरफार केले, की नकळत त्या पूर्वपरीक्षेचीच तयारी होत जाते. म्हणून हा लिफाफा शेवटी आणि एकदाच उघडायचा. व्यवस्थापकाने विश्वास ठेवायचा तो या आकड्यावर.

पण पूर्वपरीक्षेचा पेपर बोर्डाच्या पेपरासारखा नसेल, तर तिचे मार्कही फसवतात. ‘गूगल फ्लू ट्रेंड्स’च्या बाबतीत हे दिसून आलं. अमेरिकेत फ्लूचे सरकारी आकडे एक-दोन आठवडे उशिरा मिळत. लोक गूगलवर काय शोधतात त्यावरून साथीचा अंदाज आधीच बांधायचा, अशी ही योजना २००८ मध्ये सुरू झाली. पाच कोटी शोधशब्द तपासून, जुन्या आकड्यांशी उत्तम जुळणारे ४५ निवडले गेले. एवढ्या मोठ्या ढिगात योगायोगाने जुळणारे शब्द सापडणारच. शालेय बास्केटबॉलविषयीचे शोधही फ्लूशी जुळत होते, कारण दोन्ही हिवाळ्यातच जोरात असतात. असे शब्द हाताने वगळावे लागले.

व्हॅलिडेशन इथेही झालं होतं. २००७-०८ च्या हंगामाची न वापरलेली माहिती मॉडेलने झकास ओळखली. तोही नेहमीसारखाच हिवाळा होता. २००९ च्या वसंतात स्वाइन फ्लू हंगाम सोडून आला, तेव्हा मॉडेलचा अंदाज कमी पडला. दुरुस्ती केल्यावर २०१२-१३ च्या हिवाळ्यात तो सरकारी आकड्याच्या जवळपास दुप्पट निघाला. वर्तमानपत्रांतल्या बातम्या वाचून निरोगी माणसंही फ्लूविषयी शोधतात आणि गूगलची शोधयंत्रणाही बदलत राहते, अशीही कारणं यामागे सांगितली गेली. २०१५ मध्ये हे अंदाज प्रसिद्ध करणं थांबलं.

म्हणून कर्जाच्या मॉडेलची परीक्षा सरमिसळ केलेल्या प्रकरणांवर घेऊ नये. २०२२ पर्यंतच्या प्रकरणांवर शिकवावं आणि २०२३ ची प्रकरणं तपासायला ठेवावीत, कारण प्रत्यक्षातही मॉडेलला पुढच्याच वर्षाचा अंदाज करायचा असतो. एकाच कर्जदाराची दोन प्रकरणं दोन्हीकडे गेली, तर पेपर फुटलाच म्हणायचा. आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडायला सांगावेत. शिकलेल्यावर ९८ आणि न पाहिलेल्यावर ७१ असेल, तर त्या मॉडेलच्या भरवशावर कर्ज मंजूर करू नये. ९० आणि ८८ असेल, तर पुढचं बोलणं करायला हरकत नाही. मात्र वापर सुरू झाल्यावरही दर तिमाहीला नव्या प्रकरणांवर ते तपासत राहावं.